पाच दिवसांची पारख : सैन्यदलाच्या अधिकारी निवडीची तयारी

सैन्यदलात अधिकारी व्हावयाचे म्हटले की आपल्या भागातील विद्यार्थी व पालक प्रथम लेखी परीक्षेचा विचार करतात. तो योग्यच आहे. परंतु तो अर्धाच विचार आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी संघ लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तीत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० असे लेखी परीक्षेचे एकूण ९०० गुण असतात. त्यानंतर सैन्य निवड मंडळाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एसएसबी’ची कसोटी येते. तिलाही तेवढेच, म्हणजे ९०० गुण आहेत. लेखी परीक्षेची तयारी आपण वर्ष-दोन वर्षे करतो आणि तितक्याच गुणांच्या या दुसऱ्या कसोटीकडे मात्र आठ दिवसांत पाठांतराने उरकावयाची गोष्ट म्हणून पाहतो. जवळा बाजार व परिसरातील वसतिगृहांत शिकणाऱ्या मुलामुलींना या कसोटीचे अंतरंग कळावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण २०२१ च्या नोव्हेंबरमधील परीक्षेपासून प्रबोधिनीचे दार त्यांनाही उघडले आहे.

तीन खिडक्या, एकच उमेदवार

निवड मंडळ म्हणजे केवळ एक मुलाखत नव्हे. उमेदवाराला सुमारे पाच दिवस मंडळाच्या आवारातच राहावे लागते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते. त्यानंतर अंधूक चित्र तीस सेकंद दाखवून त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहावयास सांगतात. ती गोष्ट गटासमोर सांगून तिच्यावर चर्चा करावयाची असते. या चाळणीत जे टिकत नाहीत ते त्याच दिवशी परत निघतात. जे टिकतात त्यांची पुढे तीन स्वतंत्र मार्गांनी पारख होते. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराचे लिखाण वाचतो. मुलाखत अधिकारी त्याचे बोलणे ऐकतो. समूह कसोटी अधिकारी मैदानावर त्याची कृती पाहतो. निवड मंडळाच्या भाषेत याला ‘मनसा, वाचा, कर्मणा’ असे म्हणतात.

या रचनेतील मर्म असे की, हे तिघे परीक्षक आपापला निष्कर्ष स्वतंत्रपणे काढतात आणि शेवटच्या दिवशीच्या परिषदेत ते निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवले जातात. मानसशास्त्रज्ञाकडे साठ शब्दांवरचे लेखन असते. प्रत्येक शब्द पंधरा सेकंद दिसतो, तेवढ्यात मनात उमटलेले वाक्य लिहावयाचे असते. साठ प्रसंगांवर अर्ध्या तासात दिलेल्या प्रतिक्रियाही त्याच्यासमोर असतात. एवढ्या वेगाने लिहिताना माणूस सोंग वठवू शकत नाही. समजा, एखाद्याने मुलाखतीत ‘मी सर्वांना बरोबर घेऊन चालतो’ असे सांगितले, परंतु त्याच्या प्रत्येक गोष्टीतील नायक एकटाच सर्व काही करतो आणि मैदानावर तो दुसऱ्याच्या हातातील फळी ओढून घेतो. अशा वेळी तीन खिडक्यांतून तीन निरनिराळी माणसे दिसतात. निवडीला बाधा येते ती या विसंगतीने. म्हणून ‘स्वाभाविक राहा’ हा उपदेश येथे नीतीचा जेवढा आहे, तेवढाच व्यवहाराचाही आहे. पाच दिवस तिन्ही ठिकाणी सारखे राहणारे रूप फक्त स्वतःचेच असू शकते.

माहितीपत्रक : मुलाखतीचे मूळ

मुलाखतीतील बहुतेक प्रश्न आकाशातून पडत नाहीत. ते उमेदवाराने स्वतःच्या हाताने भरलेल्या माहितीपत्रकातून निघतात. या पत्रकात गाव व जिल्हा, आईवडिलांचे शिक्षण, व्यवसाय व उत्पन्न, भावंडे, दहावीपासूनचे गुण, खेळ, छंद, पार पाडलेल्या जबाबदाऱ्या आणि यापूर्वीचे प्रयत्न असे रकाने असतात. धर्म व प्रवर्गाचाही रकाना असतो. तो निःसंकोच भरावा. या निवडीत राखीव जागा नाहीत, त्यामुळे त्या रकान्याने कोणाचे काही वाढत नाही आणि कमीही होत नाही.

आपल्या मुलांची पहिली अडखळ येथेच होते. वडील शेतमजूर किंवा बाजार समितीत हमाल असले, तर मुलगा ‘शेती’ किंवा ‘व्यापार’ असे लिहितो. मग अधिकारी सहज विचारतो, “शेती किती? यंदा काय पेरले? हळदीला भाव काय मिळाला?” तिसऱ्या प्रश्नाला मुलगा गोंधळतो. वडिलांच्या कामाची लाज हा काही अपात्रतेचा रकाना नव्हे. परंतु जे सत्य आहे ते सांगण्याचे बळ नसणे, ही मात्र अधिकाऱ्याच्या दृष्टीने गंभीर गोष्ट ठरते. याउलट, “वडील हमाल आहेत, हळदीच्या हंगामात काम भरपूर असते, पावसाळ्यात कमी, तेव्हा घरखर्च आईच्या मजुरीवर चालतो,” असे सरळ सांगणाऱ्या मुलाने घराचा व्यवहार समजून घेतला आहे, हे त्या एका वाक्यातच दिसते. पालकांना आमची विनंती आहे की, घरची मिळकत, कर्ज व खर्च यांची कल्पना या वयाच्या मुलामुलींना द्यावी. ती माहिती नसलेला उमेदवार आपल्याच घराविषयी परका वाटतो.

प्रश्नांची माळ आणि उत्तराचा तळ

मुलाखत साधारण पाऊण तास चालते. आरंभी अधिकारी आठ-दहा प्रश्न एका दमात विचारतो. उदाहरणार्थ : “दहावीपासून गुण किती मिळाले, कोणते विषय आवडले, कोणते नावडले, कोणते शिक्षक भावले व का, वसतिगृहात जवळचे मित्र कोण, कोणाशी पटत नाही, मोकळा वेळ कसा जातो, सुटीत घरी काय करता, आईशी अधिक जवळीक की वडिलांशी? सांगा.” यात स्मरणशक्तीची परीक्षा आहे, पण ती दुय्यम. मुख्यतः पाहिले जाते ते हे की, उमेदवार न गडबडता क्रम लावतो काय, आणि अवघड प्रश्न मुद्दाम गाळतो काय. एखादा प्रश्न खरोखरच विसरला तर शेवटी नम्रपणे, “सर, माझ्याकडून एखादा प्रश्न राहिला असावा, कृपया पुन्हा सांगाल काय?” असे विचारण्यात कमीपणा नाही.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. आमच्या परिसरातील एक विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. पाचवीपासून वसतिगृहात राहणारा, दहावीला ७८ टक्के, अकरावीला ६४ आणि बारावीला ७१. अधिकारी विचारतो, “अकरावीत गुण का घसरले?”

पाठ केलेले उत्तर असे असते : “सर, मी अभ्यासात थोडा कमी पडलो, पण अपयश ही यशाची पहिली पायरी असते. मी चुकांतून शिकलो आणि कठोर परिश्रम घेतले.” या उत्तरात एकही वस्तुस्थिती नाही. अधिकारी “कोणत्या चुका?” असे विचारताच ते कोसळते.

खरे उत्तर असे असू शकते : “सर, दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठीतून झाले. अकरावीला विज्ञान इंग्रजीतून आले. भौतिकशास्त्राची उदाहरणे मला येत, पण प्रश्नच समजत नसे. दिवाळीनंतर मी व माझ्या खोलीतील एका मित्राने नवीन शब्दांची वही केली. रोज दहा शब्द लिहायचो आणि रात्री एकमेकांना विचारायचो.” आता अधिकारी खोलात शिरतो : “वही अजून आहे? वार्षिक परीक्षेपर्यंत किती शब्द झाले? रोज होत होते काय?” विद्यार्थी म्हणतो, “रोज नाही सर. परीक्षेच्या काळात खंड पडला. सातशेच्या आसपास झाले असतील. वही आता नववीतला एक मुलगा वापरतो.” येथे उत्तराला तळ आहे. कितीही खाली उतरले तरी पायाखाली काहीतरी लागते. शिवाय कारण शोधणे, उपाय करणे, मित्राला सोबत घेणे आणि वही पुढच्या मुलाला देणे, हे चार गुण विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने एकदाही न उच्चारता दिसून आले आहेत.

यावरून तयारीची एक साधी रीत निघते. आपल्या माहितीपत्रकातील प्रत्येक ओळीखाली पाच प्रश्न लिहावेत : केव्हा, किती, कोणाबरोबर, अडचण कोणती आली, पुढे काय झाले? ज्या ओळीला पाचव्या प्रश्नापर्यंत उत्तर देता येत नाही ती ओळ पत्रकातून काढून टाकावी. ‘वाचन’ हा छंद लिहून तीन पुस्तकांविषयीही बोलता न येण्यापेक्षा, ‘विहिरीत पोहणे’ हा छंद लिहून विहिरीची खोली सांगता येणे कितीतरी बरे.

गाव-जिल्ह्याविषयीचे प्रश्नही याच जातीचे असतात. हिंगोली जिल्हा परभणीतून केव्हा वेगळा झाला? १ मे १९९९ रोजी. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात कोणता मोठा वैज्ञानिक प्रकल्प उभा राहावयाचा आहे? गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतात. उमेदवाराला जगाच्या राजकारणावर बोलता येते, पण आपल्याच तालुक्यातील या प्रकल्पाची माहिती नसते, तेव्हा तो डोळे उघडे ठेवून वावरत नाही, असा अर्थ घेतला जातो. उत्तर माहीत नसल्यास “मला माहीत नाही, सर” हे तीन-चार शब्द पुरेसे आहेत. अंदाज बांधून रेटून बोलण्याने नुकसान अधिक होते.

नेतृत्व म्हणजे काय पाहतात?

मंडळ ज्या गुणांचा शोध घेते ते पंधरा असून त्यांचे चार गट केले आहेत. पहिल्या गटात व्यावहारिक बुद्धी, तर्कशक्ती, संयोजनक्षमता व अभिव्यक्ती येतात. दुसऱ्यात समाजात मिसळण्याची वृत्ती, सहकार्य व जबाबदारीची जाणीव. तिसऱ्यात पुढाकार, आत्मविश्वास, निर्णयाचा वेग, गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता व उत्साह. आणि चौथ्यात निर्धार, धैर्य व दमदारपणा. ही यादी पाठ करून उपयोग नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र ध्यानी घ्यावी : आवाज मोठा असणे हा गुण त्यात कोठेही नाही, आणि सहकार्य हा गुण मात्र आहे. नेता म्हणजे हुकूम सोडणारा, ही समजूत घेऊन गेलेला उमेदवार मैदानावर पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

मैदानावरील एक प्रसंग

समूह कार्यांत आठ-दहा उमेदवारांचा गट असतो. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांक असतो आणि त्या क्रमांकानेच हाक मारतात. एक फळी, एक लाकडी बल्ली, दोरी आणि वाहून न्यावयाचे ओझे एवढे साहित्य मिळते. जमिनीला पाय न लावता, ठरवून दिलेल्या रचनांवरून सर्वांनी ओझ्यासह पलीकडे जावयाचे असते. पांढऱ्या रंगाच्या भागाला माणूस व साहित्य दोघांचाही स्पर्श चालतो. लाल भागाला कोणाचाही नाही. चार फुटांहून अधिक अंतर उडी मारून ओलांडता येत नाही, ते साहित्याने जोडावे लागते. लांबी वाढविण्यासाठी फळी व बल्ली एकमेकींना बांधणेही चालत नाही. हे नियम अधिकारी आरंभी सांगतो आणि मग बाजूला उभा राहतो. नेता कोणालाही नेमलेले नसते.

समजा, दोन चौथऱ्यांमधील अंतर नऊ फूट आहे. फळी सात फूट आणि बल्ली आठ फूट. दोन्ही अपुऱ्या. गट गोंधळतो. दोघे मोठ्याने एकाच वेळी बोलतात. क्रमांक चार हळू आवाजात म्हणतो, “फळी तीन फूट बाहेर काढू, मागच्या टोकावर दोघे उभे राहतील.” कोणी ऐकत नाही. क्रमांक सात ते ऐकतो आणि म्हणतो, “चार नंबरची कल्पना करून पाहू. आपण दोघे वजनाने जास्त आहोत, फळीवर मागे उभे राहू.” फळीचे चार फूट चौथऱ्यावर व तीन फूट बाहेर राहतात, मागील वजनामुळे ती उलटत नाही. आता उरलेले अंतर सहा फूट. आठ फुटी बल्ली एका बाजूला फळीवर आणि दुसऱ्या बाजूला पलीकडच्या चौथऱ्यावर प्रत्येकी एक फूट टेकते. गटातील सर्वांत हलका प्रथम जातो, मागून ओझे, मग एकेक जण.

येथे बहुतेक गटांकडून एक गोष्ट सुटते. फळी दाबून उभे असलेले शेवटचे दोघे येणार कसे? ते हलताच फळी उलटेल. ज्याच्या हे आरंभीच ध्यानात आले, त्याने निघतानाच दोरी फळीच्या दोन्ही टोकांना बांधून ठेवण्यास सुचविलेले असते. आठ जण पलीकडे गेल्यावर बल्ली मागे घेतली जाते, दोन्ही बाजूंनी दोरी ताणून फळी पलीकडे दिली जाते, आणि तीच रचना उलट बाजूने होते. पलीकडचे दोघे फळी दाबतात, अलीकडचे दोघे बल्ली टेकवून येतात आणि शेवटचा ती मागून ओढून घेतो.

या प्रसंगात अधिकाऱ्याने काय टिपले असेल? कल्पना क्रमांक चारची होती. ती त्याच्या नावावर जमा झाली, पण आपले म्हणणे गटाच्या कानी घालण्यात तो कमी पडला. क्रमांक सातला कल्पना सुचली नव्हती. तरीही दुसऱ्याची कल्पना ओळखणे, तिचे श्रेय त्यालाच देणे आणि कष्टाची जागा स्वतः घेणे यांतून गटावरील प्रभाव व सहकार्य दोन्ही दिसले. शेवटच्या दोघांचा विचार आधीच करणाऱ्याची संयोजनक्षमता दिसली. आणि जो सतत “चला मित्रांनो, वेळ कमी आहे” असे ओरडत होता, परंतु ज्याच्या हाताला दोरीही लागली नाही, त्याचे तेही दिसले.

पुढे प्रत्येकाला पाळीपाळीने नायक करून दोन-तीन साथीदार निवडावयास सांगतात. अशा वेळी काम निम्मे झाले असता अधिकारी मुद्दाम अडथळा घालतो : “आता ही फळी वापरता येणार नाही.” यात राग किंवा अन्याय मानू नये. ठरलेला बेत मोडल्यावर माणूस थांबतो, चिडतो की दुसरा मार्ग शोधतो, एवढेच त्यातून पाहावयाचे असते. दुसरा मार्ग अपुरा राहिला तरी शोध चालू असणे महत्त्वाचे.

पाहिले जात असताना

कोणी पाहत आहे हे कळले की माणूस बदलतो. हे स्वाभाविकच आहे आणि परीक्षकांनाही ते ठाऊक असते. म्हणूनच ते एकेक कसोटी न पाहता कसोट्यांची रांग पाहतात. पहिल्या तासाचा कृत्रिमपणा तिसऱ्या दिवशीच्या थकव्यात टिकत नाही. सोंगाच्या खुणाही ठरलेल्या असतात. अधिकारी जवळ आला की आवाज चढतो, तो दुसरीकडे वळला की हात थांबतात. बोलताना गटाकडे पाहण्याऐवजी नजर अधिकाऱ्याकडे जाते. आपली पाळी संपली की दुसऱ्याच्या कामातील रस संपतो.

यावर उपाय असा की, लक्ष परीक्षकावरून काढून कामावर ठेवावे. ‘मी कसा दिसतो’ या प्रश्नाच्या जागी ‘फळी उलटेल काय, चार नंबर काय म्हणतो आहे’ हे प्रश्न मनात आले की अवघडलेपण आपोआप ओसरते. त्याचप्रमाणे, स्वाभाविक राहणे म्हणजे जसे आहोत तसे बेफिकीर वागणे नव्हे. ज्याचा स्वभाव अबोल आहे त्याने बडबड्या होण्याचा प्रयत्न करू नये. परंतु आपले एक वाक्य, गरज पडल्यास दोनदा, सर्वांना ऐकू जाईल असे बोलण्याचा सराव अवश्य करावा. क्रमांक चारला एवढीच गोष्ट हवी होती. इंग्रजीचेही तसेच. अलंकारिक इंग्रजीची अपेक्षा नाही. लहान, सरळ वाक्यांत अर्थ पोहोचला पाहिजे, आणि तो सराव वर्षभर रोज बोलूनच होतो.

वसतिगृहातील तयारी व पुढील वाटा

या दृष्टीने वसतिगृहाचे जीवन ही मोठी सोय आहे. भोजनगृहाची पाळी लावणे, पाणी न आल्याच्या दिवशी टाकीचे वाटप करणे, आजारी मुलाला दवाखान्यात नेणे, दोन खोल्यांतील भांडण मिटविणे : हीच खरी समूह कार्ये होत. मात्र ती केली असे मोघम सांगून चालत नाही. दर आठवड्याला एका वहीत अशा एका कामाची नोंद ठेवावी : काय अडले, आपण काय केले, काय जमले नाही. वर्षाअखेर हीच वही माहितीपत्रकाचा कच्चा खर्डा होईल. जोडीला रोज धावणे, दोरीवर चढणे आणि एखाद्या विषयावर तीन मिनिटे उभे राहून बोलणे एवढा सराव पुरे.

दहावीत असलेल्या विद्यार्थ्यांनी छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा लक्षात ठेवावी. राज्य शासनाने १९७७ साली स्थापन केलेली ही संस्था अकरावी-बारावीच्या काळात मुलांची प्रबोधिनीसाठी तयारी करून घेते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिक येथे आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड मंडळाचे बोलावणे आलेल्यांसाठी नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात सैनिक कल्याण विभाग निःशुल्क वर्ग चालवितो. तेथे निवास व भोजनाचीही सोय असते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. ‘हमखास निवड’ असे सांगून मोठी रक्कम मागणाऱ्या वर्गांपासून पालकांनी दूर राहावे, कारण ठरावीक साच्याची उत्तरे परीक्षकांनी शेकडो वेळा ऐकलेली असतात.

शेवटी निकालाविषयी. परिषदेनंतर निवडलेल्यांचे क्रमांक वाचून दाखवितात आणि बाकीचे परत निघतात. परत पाठविण्याचे कारण सांगत नाहीत. त्यामुळे ‘आपल्यात काय कमी आहे’ या विचाराने मुले खचतात. अशा वेळी मुलाने परतीच्या गाडीतच सर्व कसोट्या आठवून लिहून काढाव्यात : कोणत्या प्रश्नाला उत्तराचा तळ नव्हता, गटात आपले म्हणणे केव्हा पोहोचले नाही, कोठे आपण अधिकाऱ्याकडे पाहून वागलो. वयाची अट शिल्लक असेपर्यंत पुन्हा जाता येते, आणि दुसऱ्या खेपेला पुढच्या पत्रकात ‘यापूर्वीचा प्रयत्न’ हा रकानाही प्रामाणिकपणे भरावयाचा असतो. मुलाखत अधिकारी हमखास विचारतो, “त्यानंतर तुम्ही काय बदल केला?” त्या प्रश्नाचे उत्तर त्या परतीच्या प्रवासात लिहिलेल्या दोन पानांत असते.